तात्यांची नोटीस आणि माझी एक मोरी

प्रिय बाळ्या,

तू म्हणशील दोन वर्षं पत्र नाही आणि आता एवढं लांबलचक. शिव्या घाल, पण वाच. इथे सगळे बरे, आईचा गुडघा तसाच, माझी शुगर डॉक्टर म्हणतात तशी. झालं.

तर विषय तात्या. आपले तात्या, ज्यांच्या आंब्यावर आपण दगड मारले त्यांनी मला वकिलाकरवी नोटीस पाठवलीय! शेजारी राहून, गडग्यावरून रोज चहाची चौकशी करून, नोटीस मात्र रजिस्टर पोस्टाने. म्हणे तुमच्या कंपाउंडच्या भिंतीने पाणी अडलं, माझ्या पडवीत दोन फूट पाणी आलं, तांदळाची सात पोती, पंप, फ्रीज सगळं गेलं, भरपाई द्या आणि भिंत पाडा, नाहीतर मामलेदार कोर्टात जातो. हे तुलाच सांगायचं कारण म्हणजे भिंत बांधली तेव्हा २००९ च्या मे महिन्यात तू इथेच होतास, आणि मोऱ्या किती ठेवायच्या यावरून आपलं भांडणही झालं होतं. आठवतंय ना? मी म्हणत होतो तीन पुरेत, तू म्हणालास पाच ठेव. गवंड्याने तुझं ऐकलं. मी दोन दिवस बोललो नव्हतो.

आता त्या रात्रीचं सांगतो. पौर्णिमेनंतरची द्वितीया. तिथीची पाऊणपट काढली की दीडच्या सुमाराला भरती, आणि खाडी आत येईपर्यंत आपल्या व्हाळाला अजून तासभर. पाऊस संध्याकाळपासून कोसळत होता. मी बॅटरी घेऊन बाहेर आलो तर अंगणात पाणी होतं पण ते रस्त्याकडून धावत येत नव्हतं, व्हाळाच्या बाजूने गुपचूप चढत होतं. तुला माहितीये ना ते, बादली भरल्यासारखं, आवाजच नाही. अडीचला सगळ्यात वर. साडेतीनपासून उतरायला लागलं, आणि पाऊस पाचपर्यंत तसाच कोसळत होता! पावसाचं पाणी माझ्या भिंतीने अडवलं असतं तर पाऊस चालू असताना ते उतरेल कशाला? ओहोटी लागली म्हणून उतरलं. हे मी तात्यांना तोंडी सांगितलं तर म्हणाले, तू आता मला भरती शिकवणार?

मग मी दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर लेव्हल पाइप काढला. भिंतीवर चिखलाची रेघ दोन्ही बाजूंना छान उमटली होती, जांभ्यावर ती दिसते पण स्पष्ट. पाइपात पाणी भरून एक टोक तात्यांच्या बाजूच्या रेघेला लावलं (पोराला पलीकडे पाठवला, तात्या झोपाळ्यावरून बघत होते पण एक शब्द नाही), दुसरं माझ्या बाजूला. फरक किती? जेमतेम एक बोट, आणि माझ्या बाजूला जास्त! भिंत धरणासारखी पाणी अडवते तेव्हा वरच्या अंगाला रेघ उंच आणि खालच्या अंगाला ठेंगणी असायला हवी. इथे दोन्हीकडे सारखं, म्हणजे भिंतीच्या दोन्ही अंगांना एकच तळं होतं. आणि अजून एक, कचरा. पाला, थर्माकोल, नारळाच्या कवट्या मोऱ्यांच्या तोंडाला अडकलेल्या, आणि सगळ्या माझ्या बाजूने. पाणी माझ्याकडून तात्यांकडे गेलं रे, तात्यांकडून माझ्याकडे नव्हे. मी फोटो काढलेत, मोजपट्टी लावून, त्याच दिवशी. नंतर धुऊन गेलं असतं.

एवढ्यावर मी खूश होऊन उत्तराचा मसुदा करायला बसलो. आपला वकील म्हणतो तावातावाने लिहू नकोस, फक्त घडलं ते तारखेनिशी लिही. मी लिहिलं, ‘सदर भिंत २००९ साली बांधलेली असून तीत पाच मोऱ्या ठेवलेल्या आहेत. त्यानंतर आजतागायत आपली कोणतीही तक्रार आलेली नाही. दि. २२ जुलै २०२१ रोजी सगळीकडे पूर आला तेव्हाही आपण भिंतीस दोष दिलेला नाही.’ किती भारदस्त, ना? आजीला वाचून दाखवलं तर म्हणाली, हे तात्याला लिहिलंयस की कलेक्टरला.

आणि इथेच माझी गोची झाली बाळ्या.

पाच मोऱ्या ठेवल्या होत्या. आज चार आहेत. पाचवी, कोपऱ्यातली, फणसाखालची, मी या एप्रिलमध्ये बुजवली. तात्यांचीच कुत्री त्यातून येऊन माझ्या कोंबड्या न्यायची. एक चिरा आणि अर्धं घमेलं सिमेंट, बस. तू मेमध्ये आलास तेव्हा बघितलंस आणि म्हणालास, जाळी लाव, बुजवू नको, आणि मी म्हणालो तू इंजिनिअर आहेस की कुत्रा. आता बोल.

त्या मोरीने पूर आला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. रेघ खोटं बोलत नाही. पण उतरताना काय झालं? माझं अंगण सहाला मोकळं, तात्यांचं आठला. तात्यांची पडवी नेमकी त्या कोपऱ्याला लागून, जमीन तिथेच खोलगट, बाकीच्या चार मोऱ्या त्यापेक्षा वीतभर उंचावर. म्हणजे शेवटचं वीतभर पाणी दोन तास जास्त उभं राहिलं ते माझ्यामुळे. सात पोती आधीच भिजलेली होती, फ्रीजही गेलेलाच, पण हे मी कसं लिहू? वकिलाला सांगितलं तर तो खुर्चीत ताठ झाला. म्हणाला, मामलेदार कोर्टात अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, भिंतीचं वय पंधराच्या वर असल्याने तिथे आपण सुरक्षित, पण एप्रिल ते आता मोज. मी बोटांवर मोजलं. सहा झालेले नाहीत.

शेवटी मसुद्यात एक परिच्छेद घातला, तीनदा खोडून. ‘आपल्या पडवीत आलेले पाणी व्हाळाच्या फुगीमुळे व भरतीमुळे आले, त्यास माझी भिंत कारणीभूत नाही व भरपाईची मागणी मला मान्य नाही. तथापि कोपऱ्यातील मोरी मी माझे हक्क अबाधित ठेवून मोकळी करीत आहे, यास जबाबदारीची कबुली समजू नये.’ वकिलाला ‘तथापि’ नको होतं. मी म्हटलं नसेल तर पत्रच नको. खोटं लिहून पाच मोऱ्या आहेत म्हणणं मला जमणार नाही, आणि तात्या पलीकडून मोजू शकतात.

आता तुझं काम. भिंत बांधतानाचा तुझ्या कॅमेऱ्यातला फोटो आहे का, ज्यात तू घमेलं डोक्यावर घेऊन मूर्खासारखा उभा आहेस? मागे मोऱ्या दिसतात त्यात. स्कॅन करून पाठव.

तुझ्या नव्या फ्लॅटचं कळलं, अभिनंदन, वहिनींना नमस्कार, पिंट्याला दहावीला किती पडले ते कळव. नाशकात भिंती तरी बिल्डर बांधतो, सुखी आहेस.

तुझा,
अण्णा

ता.क. पत्र टाकायचं राहिलं आणि आज सकाळी मोरी फोडली. छिन्नी हातोडा घेऊन तासभर, जाळीही बसवली. चिरा निघाला तेव्हा पलीकडे वाकून तात्या बघत होते, भोकातून तोंडच दिसलं. म्हणाले, अजून वीतभर खाली घे, पाणी तिथेच राहतं. मी घेतली.