एकाच गोळीत दोन-तीन औषधे: आधी हिशेब, मग चिठ्ठी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या दोन्हींसाठी रोज तीन-चार गोळ्या घेणाऱ्यांचा मला आलेला अनुभव असा की, त्यातली सर्वांत आधी सुटते ती कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी. रक्तदाब यंत्रावर दिसतो, वाढला की माणूस घाबरतो. कोलेस्टेरॉल मात्र ना दिसते ना दुखते, म्हणून पाकीट संपले की ते पुन्हा आणायचे राहून जाते. सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यायला सांगतात, रक्तदाबाच्या गोळ्या बहुधा सकाळी. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन शरीरात बराच काळ टिकते, ते कोणत्याही वेळी चालते. त्यामुळे त्याला रक्तदाबाच्या औषधांसोबत एकाच गोळीत बसवता येते. हीच पॉलिपिल.

भारत आणि युरोपातल्या सुमारे 2,000 रुग्णांवर झालेल्या 'अम्पायर' चाचणीचे निष्कर्ष 2013 साली आले. त्यातल्या पॉलिपिलमध्ये अ‍ॅस्पिरिनही होते. साधारण सव्वा वर्षानंतर पॉलिपिल मिळालेल्यांपैकी 86 टक्के नियमित औषध घेत होते, नेहमीच्या उपचारांवरच्यांपैकी 65 टक्के. एकत्र गोळीने रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल मात्र थोडेच अधिक उतरले. फायदा मुख्यतः आधी गोळ्या चुकवणाऱ्यांना झाला. जो चारही गोळ्या शिस्तीने घेतो, त्याला नवे काही मिळत नाही, हे जाहिराती सांगत नाहीत.

अडचण कुठे येते तेही पाहा. समजा गोळीत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 20, रॅमिप्रिल 5 आणि अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम आहे. काही आठवड्यांत रुग्णाला कोरडा, चिवट खोकला सुरू होतो. तो रॅमिप्रिलचा असू शकतो. सुट्या गोळ्या असत्या तर तेवढीच बदलून रक्तदाबाचेच दुसरे औषध, टेल्मिसार्टन, देता आले असते. इथे रुग्ण पूर्ण गोळीच बंद करतो आणि एका झटक्यात रक्तदाबाचे आणि कोलेस्टेरॉलचे, दोन्ही उपचार थांबतात. पाय सुजले तर संशय अ‍ॅम्लोडिपिनवर, पण गोष्ट तीच. म्हणून आधी सुट्या गोळ्यांवर मात्रा ठरवावी, सोसतात का पाहावे, आणि त्याच मात्रेची एकत्र गोळी मिळत असेल तरच तिच्यावर यावे. गोळीत अ‍ॅस्पिरिन असेल तर आणखी जपून. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला नसेल तर रक्तस्रावाचा धोका फुकट ओढवून घेतला जातो.

खर्चाचे म्हणाल, तर एकत्र गोळी स्वस्तच असते असे नाही. मात्रा जुळवून एका दिवसाचा खर्च काढावा: तिन्ही जेनेरिक गोळ्यांची बेरीज एकीकडे, एकत्र गोळीची किंमत दुसरीकडे. बऱ्याच वेळा तुलना महागड्या ब्रँडच्या सुट्या गोळ्यांशी केली जाते आणि बचत मोठी दिसते. बेरजेपेक्षा एकत्र गोळी थोडी महाग निघाली, पण रुग्ण महिन्यातले दहा दिवस स्टॅटिन चुकवत होता, तर मी एकत्र गोळीच घ्यायला सांगेन. नियमित घेणाऱ्याला मात्र स्वस्त असेल ती.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट