‘उपवास करून या’ म्हणजे नक्की काय करून या?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायचं कारण एक मेसेज आहे, जेमतेम चार ओळींचा. माझ्या सासूसासऱ्यांचं हेल्थ चेकअपचं पॅकेज आम्ही घेतलं होतं, दोघं सत्तरीच्या आसपास, बाबांना शुगर आहे, आईंना तसं काही नाही. अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री पावणेनऊला क्लिनिकचा मेसेज आला तो असा, ‘उद्या स. ७.३० वा. आपली हेल्थ चेकअपची अपॉइंटमेंट आहे. १० ते १२ तास उपवास आवश्यक. १५ मिनिटे आधी यावे. जुने रिपोर्ट व ओळखपत्र आणावे.’ बस. क्लिनिकचं नाव देत नाही, कारण मी नंतर चार ओळखीच्या लोकांना विचारलं तर सगळ्यांकडे थोड्याफार फरकाने हाच मेसेज येतो.

आता पहिला घोळ. मेसेज आला तेव्हा आम्ही पानावर बसलो होतो, नऊ वाजता जेवणं झाली. साडेसातपासून उलटं मोजलं तर बारा तास म्हणजे आदल्या संध्याकाळी साडेसातलाच जेवण आटोपायला हवं होतं, म्हणजे मेसेज पोचेपर्यंत ती वेळ टळून सव्वा तास झालेला. नंतर कळलं की उपाशीपोटीच्या शुगरला निदान आठ तास पुरतात आणि कोलेस्टेरॉलला नऊ ते बारा, त्यामुळे आमचं काही बिघडलेलं नव्हतं. पण तेव्हा कोण सांगणार? बाबांनी ठरवलं की बारा तास म्हणजे बारा, त्यात आता पाणीसुद्धा नको, आणि एकादशीसारखी निर्जळी धरली.

आईंनी दुसरीकडून धरलं. त्या मेसेजमध्ये ‘उपवास’ लिहिलंय, आणि चाळीस वर्षं गुरुवार आणि चतुर्थ्या करणाऱ्या बाईला उपवास म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज आहे का? रात्री त्यांनी साबुदाणा भिजत घातला. मी पाहिला. मला वाटलं, परत आल्यावर करायचा असेल. सकाळी सव्वासहाला खिचडी, वर कपभर साखरेचा चहा, आणि तयार होऊन रिक्षाची वाट बघत बसल्या. मी आंघोळीला होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर शेंगदाणा, तूप, साखर, म्हणजे शुगर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वर न्यायला अगदी उत्तम सोय. त्यात त्यांची काहीच चूक नाही हो, चूक त्या शब्दाची आहे. आपल्याकडे उपाशी राहणं वेगळं आणि उपवास वेगळा, हे मराठी बोलणाऱ्या कुठल्याही माणसाला कळतं. कुणीतरी इंग्रजीतलं ‘फास्टिंग’ सरळ ‘उपवास’ करून टाकलं आणि मोकळं झालं.

सव्वासातला पोचलो. काउंटरवर फॉर्म, सही, टोकन, आणि आईंचा नंबर आठला लागला. ब्लड घेणाऱ्या मुलीने विचारलं, ‘काकू, उपाशी आहात ना?’ आई म्हणाल्या, ‘हो, उपवास आहे.’ दोघीही खरं बोलत होत्या.

बाबांचं काय झालं ते जास्त भीतीचं. रात्री नऊपासून पाणी जवळजवळ नाहीच, त्यामुळे हाताची शीरच सापडेना. दोनदा सुई टोचली, मग त्या मुलीने सांगितलं, आजोबा दोन ग्लास पाणी प्या, अर्ध्या तासाने परत या. साधं पाणी चालतं, किंबहुना प्यायलाच हवं, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा कळलं. बाबा बसले. पावणेनऊला बघते तर कपाळावर घाम, हात थरथरतायत, आणि मी काही विचारलं की उत्तर तुटक, जरा चिडून. बाबा कधी चिडत नाहीत. माझी नणंद नर्स आहे, तिने एकदा सांगितलेलं आठवलं म्हणून मी सिस्टरला हाक मारली, त्यांनी बोटातून शुगर बघितली तर ५८. सत्तरच्या खाली गेली की ती कमी धरतात. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितली, ८४. मग काहीतरी खायला दिलं. अर्थात त्या दिवशीची उपाशीपोटीची शुगर गेली ती गेलीच.

कारण काय, तर बाबांनी साडेसहाला घोटभर पाण्याबरोबर नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती. ती नाश्त्याच्या आधी घ्यायची असते आणि पुढे नाश्ता येणार हे धरूनच घ्यायची असते, गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात काही असो नसो. रोज ती घेऊन वीस मिनिटांत पोहे खातात. त्या दिवशी पोह्यांच्या जागी वेटिंग रूम. मेसेजमध्ये गोळ्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी नंतर नीट सांगितलं, की शुगरची गोळी किंवा इन्सुलिन सहसा ब्लड देऊन झाल्यावर, खाण्याच्या वेळी घ्यायचं, बीपीची गोळी बहुतेकांनी नेहमीप्रमाणे पाण्याबरोबर घ्यायची, थायरॉइडची ब्लड दिल्यानंतर, आणि ज्यांना इन्सुलिन आहे त्यांनी तर आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच फोन करून विचारायचं कारण रात्रीचा डोसही कधी कधी बदलावा लागतो. हे सगळं ते आम्हाला घाम पुसून झाल्यावर सांगत होते.

मग सोनोग्राफी. बाबांच्या पॅकेजमध्ये पोटाची सोनोग्राफी होती आणि प्रोस्टेटही बघायचं होतं. त्यासाठी लघवीची पिशवी भरलेली लागते, नाहीतर मागचं नीट दिसत नाही. आणि त्याच वेळी पित्ताशयासाठी पोट रिकामं लागतं, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतले खडे दिसायला अवघड जातात. म्हणजे पाणी भरपूर, अन्न काही नाही. आमच्याकडे नेमकं उलटं झालेलं, पाणी नाही आणि साखर आणि बिस्किटं पोटात. त्यात आल्या आल्या काउंटरवर लघवीची बाटली हातात दिली होती, ‘सॅम्पल देऊन टाका आजोबा’, त्यांनी इमाने इतबारे दिलं, होतं नव्हतं तेवढंही गेलं. अहो, सोनोग्राफी आधी आणि सॅम्पल नंतर, एवढा क्रम लावला असता तरी तासभर वाचला असता. पुढचा तासभर ते सहा ग्लास पाणी पिऊन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते. पित्ताशयासाठी परत एकदा बोलावलंय ते वेगळंच.

सोबत काय आणायचं, तर ‘जुने रिपोर्ट’. आम्ही दहा वर्षांची पिशवी उचलून नेली, त्यात आईंच्या मोतीबिंदूचं बिलही होतं. डॉक्टरांनी त्यातून तीन कागद घेतले, गेल्या वर्षीचा ब्लड रिपोर्ट, जुना ईसीजी आणि सोनोग्राफी. ईसीजी महत्त्वाचा, कारण नव्या पट्टीत काही वेगळं दिसलं तर ते आत्ताचं की पाच वर्षांपूर्वीचंच, हे जुनी पट्टी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि त्यांना जे हवं होतं ते आमच्याकडे नव्हतंच, म्हणजे चालू गोळ्यांची यादी. बाबा म्हणतात, ‘एक छोटी पांढरी, एक गुलाबी.’ मी घरी फोन करून मुलाकडून पाकिटांचे फोटो मागवले. आईंचा चष्मा घरीच राहिला आणि डोळे तपासायचे होते.

आता आईंचा रिपोर्ट. दुसऱ्या दिवशी आला, फास्टिंग शुगर १६८. खाली लाल अक्षरात. उपाशीपोटी १२६ किंवा त्यापुढे म्हणजे डायबिटीस असं धरतात हे आमच्या घरात पाठ आहे, घरात रडारड व्हायची बाकी होती, आईंनी साखरेचा डबा माळ्यावर टाकायला सांगितला. वाचवलं ते त्याच कागदावरच्या दुसऱ्या आकड्याने. एचबीएवनसी ५.६, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी बघणारी टेस्ट, तिला उपाशी राहावं लागत नाही, आणि ५.७ च्या खाली ती नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, सकाळी काय खाल्लं होतं? आई म्हणाल्या, ‘काही नाही, उपवास होता, थोडी खिचडी.’ डॉक्टर हसले आणि परत टेस्ट लिहून दिली. चार दिवसांनी खरंच उपाशी पोटी केली, ९६. एचबीएवनसी पॅकेजमध्ये नसती तर? काही स्वस्त पॅकेजमध्ये नसते. मग आईंचा डबा माळ्यावरच राहिला असता आणि कदाचित गोळीही सुरू झाली असती.

मी क्लिनिकमध्ये जाऊन सांगितलं, भांडायला नाही, मेसेज बदला म्हणून. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, मॅडम तो सिस्टीममधून जातो, आम्हाला एडिट करता येत नाही. ठीक आहे, पण तुमचा पेपर डॉक्टरही वाचतात आणि लॅब चालवणारेही, म्हणून मीच बसून एक मेसेज लिहिला, आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला, तो खाली देते. तो दोन दिवस आधी जायला हवा, आदल्या रात्री पावणेनऊला नाही. कुणालाही उचलून वापरता येईल, माझी हरकत नाही.

‘शनिवारी सकाळी ७.१५ ला या, ब्लड साधारण ८ ते ८.३० ला घेतलं जाईल. शुक्रवारी रात्री ९ पर्यंत नेहमीसारखं साधं जेवण करा, दारू नको. त्यानंतर काहीही खाऊ नका, उपवासाचे पदार्थ, फळ, दूध, चहा, कॉफी, मिश्री-तंबाखू काहीच नको. साधं पाणी प्या, सकाळीही प्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घरून घेऊन निघू नका, सोबत आणा, आणि इन्सुलिन असेल तर उद्याच आपल्या डॉक्टरांना विचारा. बीपीची गोळी पाण्याबरोबर घ्या. सोनोग्राफी असेल तर ६ वाजल्यापासून ४-५ ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून या, सॅम्पल सोनोग्राफीनंतर द्या. घाम, थरथर, चक्कर वाटली तर रांगेत बसून राहू नका, लगेच सांगा. आणा : गोळ्यांची पाकिटं, मागचा ब्लड रिपोर्ट, जुना ईसीजी, चष्मा, ओळखपत्र, ब्लड झाल्यावर खायला डबा.’

लांब आहे, मान्य. पण आमच्या त्या चार ओळींमुळे दोन माणसांना मिळून तीन खेपा, चार वेळा सुई आणि एक रिक्षाभर मनस्ताप झाला, त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचं वाचन परवडलं. दुसऱ्या खेपेला आई हा मेसेज मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घेऊन गेल्या. डब्यात खिचडीच होती, फक्त या वेळी ब्लड देऊन झाल्यावर खाल्ली, आणि त्या सुई टोचणाऱ्या मुलीलाही चमचाभर दिली.

आपली,
एक वाचक, सातारा