सरांना शिफारसपत्र मागण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

सरांना पाठवायच्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. भाषा नम्र आहे, शुद्धलेखन चोख आहे. तरीही तो असाच पाठवू नकोस. त्यात आभार आहेत, ‘आपल्या बहुमोल मार्गदर्शनाखाली खूप शिकायला मिळालं’ असं वाक्य आहे आणि सोबत सीव्ही आहे. पण एवढं वाचून सर शिफारसपत्रात लिहितील काय? त्यांच्या युनिटमधून दर काही महिन्यांनी इंटर्नची नवी तुकडी जाते. त्यांना तुझा चेहरा आठवेल, ‘चांगली मुलगी होती’ हेही आठवेल, पण तेवढ्यावर पत्र उभं राहत नाही. माझ्याकडेही दरवर्षी अशा विनंत्या येतात, म्हणून सांगते: हाताशी ठोस काही नसलं की लिहिणारा मेहनती, वक्तशीर, मनमिळाऊ याच शब्दांकडे वळतो. निवड समितीच्या टेबलावर येणारी बहुतेक पत्रं याच शब्दांची असतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून तशीच पुढे सरकते.

तुझ्या बाबतीत मला याची जास्त काळजी वाटते. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोघींनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकांच्या नेमणुकीसाठी आलेली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं त्यांनी तपासली. बायकांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने आखूड निघाली. त्यांत कष्टाचं कौतुक जास्त होतं, नकळत शंका निर्माण करणारी वाक्यंही जास्त होती. ती पत्रं नोकरीसाठीची होती, पदव्युत्तर प्रवेशाची नव्हती, हे खरं. पण ‘फार कष्टाळू मुलगी’ एवढंच लिहिलेलं पत्र तुझं किती नुकसान करू शकतं, याची कल्पना त्यावरून येते. कष्ट सगळेच करतात. वॉर्डात तुझं डोकं कसं चालतं, हे त्या पत्रात दिसायला हवं आणि त्यासाठीचा मजकूर तूच सरांच्या हातात द्यायला हवास.

तू फोनवर सांगितलेली ती सोडियमची केस आठव. मसुद्यात तिचा उल्लेखच नाही! मी तुझं पत्र त्या केसभोवती पुन्हा लिहून पाहिलं आहे. तू इंग्रजीत पाठवशील, मी मजकूर मराठीत देते.

‘आदरणीय सर,

गेल्या वर्षी मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये तीन महिने मी आपल्या युनिटमध्ये इंटर्न होते. आता मी इंटर्नल मेडिसिनच्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी अर्ज करत आहे. आपण माझं वॉर्डातलं काम जेवढं पाहिलंत, त्यावरून माझ्यासाठी ठाम शिफारसपत्र लिहिता येईल असं आपल्याला वाटतं का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे. सध्या वेळ नसेल, किंवा माझं काम पुरेसं पाहिलेलं नाही असं वाटत असेल, तर कृपया तसं मोकळेपणाने कळवावं. मी दुसऱ्या कुणाला वेळेत विचारू शकेन.

आठवणीसाठी एक केस लिहिते. गोंधळलेल्या अवस्थेत एक वृद्ध बाई दाखल झाल्या होत्या आणि लघवीच्या संसर्गाचं निदान लिहून आलं होतं. सोडियम ११४ निघालं. नातेवाइकांनी आणलेल्या औषधांच्या पिशवीत मला दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली थायझाइडची गोळी सापडली, ती मी राऊंडला आपल्याला दाखवली. आपण ती बंद करून सलाईन सुरू केलंत. त्या रात्री मी ड्यूटीवर होते. आठ तासांनी सोडियम १२१ आलं आणि लघवीचं प्रमाण एकाएकी वाढलं होतं. निवासी डॉक्टरांशी बोलून मी रात्रीच आपल्याला फोन केला. आपण सलाईन थांबवून पाच टक्के डेक्स्ट्रोज द्यायला सांगितलंत. चोवीस तासांनंतरचं सोडियम १२१ होतं. नंतरच्या राऊंडला ही केस आपण मला सगळ्यांसमोर मांडायला लावलीत.

आपला होकार असल्यास शेवटच्या तारखा, सीव्ही आणि अर्जाची माहिती एकाच मेलमध्ये पाठवेन. पहिली तारीख सहा आठवड्यांनंतरची आहे.’

बस, एवढंच. यात ‘मी हुशार आहे’, ‘मी जबाबदार आहे’ असं कुठेही नाही. पण सर वाचतील तेव्हा त्यांना सगळं दिसेल. कागदावर लिहून आलेल्या निदानावर न थांबता तू गोळ्यांची पिशवी उघडलीस. सोडियम वर जातंय हे पाहून बहुतेकांना हायसं वाटलं असतं, तू मात्र त्यात धोका ओळखलास. इतकं कमी असलेलं सोडियम चोवीस तासांत साधारण आठच्या वर चढू द्यायचं नसतं, नाहीतर काही दिवसांनी मेंदूला इजा दिसू शकते. ती मर्यादा आठ तासांतच जवळ आली होती. वर लघवी वाढली होती, म्हणजे शरीर पाणी बाहेर टाकायला लागलं होतं आणि सोडियम आपोआप आणखी चढणार होतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, तू स्वतःच्या अधिकारात काही न बदलता रात्रीच वरिष्ठांना उठवलंस. पदव्युत्तर विद्यार्थी निवडणाऱ्यांना हेच जाणून घ्यायचं असतं की या मुलीवर रात्रीचा वॉर्ड सोपवला तर फोन केव्हा करायचा हे तिला कळेल का. विशेषण काय लावायचं ते सर ठरवतील.

केस निवडताना मी एकच कसोटी लावली: सरांनी स्वतः पाहिलेली असली पाहिजे. तुझं संशोधनाचं पोस्टर चांगलं आहे, पण ते दुसऱ्या मॅडमच्या हाताखालचं. ते सरांनी लिहिलं तर ऐकीव माहिती ठरेल आणि वाचणाऱ्याला ते कळतं. पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, दाखल झाल्याची तारीख यातलं काही मेलमध्ये घालू नकोस. सर ती केस सोडियमच्या आकड्यावरूनच ओळखतील.

मसुद्यात तू ‘शिफारसपत्र द्यावे ही विनंती’ एवढंच लिहिलं होतंस. त्यात नाही म्हणायला जागाच नाही. भिडेखातर होकार देणारे असतात आणि भिडेखातर लिहिलेलं पत्र न मिळालेल्या पत्रापेक्षा वाईट. ‘सदर विद्यार्थिनीने पोस्टिंग समाधानकारकरीत्या पूर्ण केले’ या वाक्याचा अर्थ समिती बरोबर लावते. म्हणून प्रश्न असा विचारायचा की समोरच्याला सन्मानाने मागे सरता यावं. उत्तरही नीट वाच. ‘हो, लिहितो, तारखा पाठव’ हा होकार. ‘बघू’, ‘तसं मी सगळ्यांनाच देतो’, किंवा दोन आठवडे काहीच नाही, तर त्यांना न दुखवता आभार मानून दुसरीकडे वळ. विभागप्रमुखांचं नाव मोठं आहे म्हणून त्यांच्याकडे धावू नकोस. त्यांनी तुला फक्त परीक्षेत पाहिलं आहे.

एक अडचण येण्याची बरीच शक्यता आहे. सर म्हणतील, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ यात त्यांचा वाईट हेतू नसेल, वेळ नसतो. पण तू ते लिहू नकोस. पत्र शिफारस करणाऱ्यानेच लिहिलेलं असावं, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. आणि विद्यार्थिनीने स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र ओळखू येतं: त्यात दुसऱ्या विद्यार्थ्यांशी तुलना नसते, वरिष्ठाच्या नजरेतून दिसणारी एखादी उणीव नसते आणि भाषा अर्जातल्या निबंधाशी जुळते. तेव्हा म्हणावं, ‘सर, पत्र आपल्याच शब्दांत हवं आहे, मी मुद्दे एका पानावर देते.’ त्या पानावर पोस्टिंगचा काळ, तू कोणत्या नात्याने काम केलंस, वरची केस आणि फार तर आणखी एक केस असू दे. किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने ओळखता, बरोबरीच्या विद्यार्थ्यांत हिचं स्थान कुठे, हे प्रश्न फॉर्मवर बहुधा असतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तू द्यायचीस. तिसरं त्यांचं त्यांनी लिहायचं, तिथे तू सुचवायचंही नाहीस.

अर्जात ‘हे पत्र पाहण्याचा हक्क सोडता का?’ असा प्रश्न येऊ शकतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क मिळाला, म्हणून तिथल्या अर्जांत तो विचारतात. तू हक्क सोड. विद्यार्थ्याला पत्र दिसणार नाही हे माहीत असलं की समिती त्यावर जास्त विश्वास ठेवते. सरांनी कौतुकाने प्रत दाखवली तर गोष्ट वेगळी, तू मागू नकोस.

बाकी सगळं साधं आहे, पण पत्रं अडतात ती याच जागी. सरांचा मेल हॉस्पिटलच्या किंवा कॉलेजच्या पत्त्यावरचा हवा, खासगी पत्ता काही ठिकाणी चालत नाही. अर्जातून जाणारी स्वयंचलित मेल स्पॅममध्ये पडते, म्हणून ती गेली की त्यांना वेगळा निरोप दे. तुझं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अर्ज क्रमांकासह लिहून दे. सगळ्या कोर्सच्या तारखा एकाच यादीत, सर्वांत जवळची वर. शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी एक आठवण आणि त्यानंतर गरज पडली तरच त्यांच्या सेक्रेटरीला फोन. सरांना रोज मेसेज करू नकोस.

पत्र अपलोड झालं की त्याच दिवशी दोन ओळींत आभार कळव आणि निकाल लागेल तेव्हा, काहीही लागला तरी, सरांना आधी सांग. आम्ही ज्यांच्यासाठी लिहितो त्यांचं पुढे काय झालं, हे कळण्याची आम्हाला खरंच ओढ असते.

बदललेला मसुदा झाला की मला पाठव. सोडियमचे आकडे तुझ्या वहीतून पुन्हा पडताळून घे, कारण मी ते तुझ्या फोनवरच्या बोलण्यावरून लिहिले आहेत आणि सर आकड्यांच्या बाबतीत फार काटेकोर आहेत.

तुझी,
आई