ओटीपी येईना, कारण नावात एक अक्षर कमी होतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पीएफच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन होत नाही, अशी तक्रार आमच्या गुहागर तालुक्यात आता घरोघर ऐकू येते. बहुतेक जण दोष रेंजला देतात. आम्हीही दिला आणि त्यात दोन महिने घालवले. खरं कारण भलतंच निघालं. इतरांचे हेलपाटे वाचावेत म्हणून ते सविस्तर लिहितो.

माझा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर हा लोटे इथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकरा वर्षं कामाला होता. कारखाना बंद पडल्यावर तो गावी आला आणि कलमं बघू लागला. त्याच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, खात्यात तसाच पडून होता. पीएफ सदस्याचा ओळख क्रमांक, म्हणजे यूएएन नंबर, जुन्या पगारपत्रकावर छापलेला होता, पण तो पोर्टलवर कधी चालू केला नव्हता. तो चालू करायचा तर यूएएन, आधार क्रमांक, नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर भरावा लागतो. मग आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो टाकला की पासवर्ड मिळतो.

शिमग्याच्या सुट्टीत आम्ही दोघं बसलो. फॉर्म भरला, बटण दाबलं, ओटीपी नाही. "दादा, हितं रेंजच नाय," म्हणत त्याने मला सड्यावर नेलं. कातळावर उभं राहून चार वेळा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी माहिती जुळत नसल्याचा तोच इंग्रजी संदेश यायचा आणि आम्ही तो न वाचताच पुढे जात होतो. ओटीपी यायच्या आधीच पोर्टल भरलेली माहिती नोंदीशी ताडून बघत होतं. ती जुळत नसल्याने ओटीपी निघतच नव्हता, आणि आम्ही फोन वर धरून वाट बघत होतो.

शेवटी दोन महिन्यांनी मी कपाटातून त्याची जुनी पीएफ स्लिप काढली आणि आधार कार्डाशेजारी ठेवली. आधारवर नाव होतं Dnyaneshwar. स्लिपवर होतं DYANESHVAR. एक n गळलेला आणि w च्या जागी v. जन्मतारीख दोन्हीकडे एकच.

हे कसं झालं असेल ते मला लगेच उमगलं, कारण तीस वर्षं शाळेत मी दाखले लिहिले आहेत. आपला दाखला मराठीत. कारखान्यातल्या लिपिकाने 'ज्ञानेश्वर' वाचलं आणि कानाला लागलं तसं इंग्रजीत टाइप केलं. त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? ज्ञ ला dny लिहिणारे आहेत, gy लिहिणारेही आहेत. व ला कुणी v घालतं, कुणी w. ळ ला तर इंग्रजीत जागाच नाही. देवनागरीत भावाचं नाव सगळीकडे अचूक आहे, पण जुळवणी होते ती इंग्रजी अक्षरांची.

यानंतर आमच्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे. नाक्यावरच्या एका ऑनलाइन सेवा केंद्रातल्या मुलाने सल्ला दिला, "गुरुजी, आधारवरचंच नाव स्लिपसारखं करून टाका, आठवड्यात काम होईल." मुलगा भला आहे, त्याला मदतच करायची होती. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. शिवाय भावाचं बँक खातं आणि पॅन कार्ड, दोन्हीवर नाव आधारप्रमाणेच होतं. एका पीएफसाठी आधार बदललं असतं, तर उद्या बँक आणि पॅन दोन्हीकडे विसंगती उभी राहिली असती. म्हणून आधी सगळी कागदपत्रं ओळीने मांडून कुठलं एकटं वेगळं आहे ते बघावं, आणि दुरुस्ती त्या एकट्यातच करावी. आधारच चुकीचं असेल, बाकी सगळं बरोबर असेल, तरच आधार केंद्राची पायरी चढावी.

पीएफच्या नोंदीतलं नाव दुरुस्त करण्याचे नियम जानेवारी 2025 मध्ये बरेच सोपे झाले. 1 ऑक्टोबर 2017 किंवा त्यानंतर आधारच्या आधारे मिळालेला यूएएन असेल तर सदस्य स्वतःच ऑनलाइन दुरुस्ती करू शकतो, कंपनीच्या मंजुरीची गरज नाही. भावाचा यूएएन त्याआधीचा आणि आधारशी न जोडलेला. अशांना कामगार आणि कंपनी दोघांच्या सहीचं संयुक्त घोषणापत्र कागदावर भरून कंपनीमार्फत पाठवावं लागतं. आमच्याकडे कंपनीच उरली नव्हती, गेटला कुलूप. इथे बरेच लोक हात टेकतात. पण बंद कंपनीच्या कामगारासाठी त्या अर्जावर राजपत्रित अधिकारी, नोटरी, पोस्टमास्तर किंवा गावच्या सरपंचाची साक्षांकित सही चालते, हे मला खूप उशिरा कळलं. आमच्या सरपंचबाईंनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी नियम वाचून घेतला आणि मग सही-शिक्का दिला.

अर्जात चुकीचं नाव आणि बरोबर नाव शेजारी शेजारी लिहायचं असतं. सोबत आधार, पॅन, शाळेचा दाखला आणि तिथे नोकरी केल्याचा पुरावा म्हणून नेमणूकपत्र नि पगारपत्रकं जोडली. पोच घेतली. काही आठवड्यांनी नोंद बदलली. त्या संध्याकाळी पुन्हा फॉर्म भरला, तर घराच्या पडवीतच ओटीपी आला. सड्यावर जावं लागलं नाही.

आता मागणी. नाव, जन्मतारीख की लिंग, नेमकं काय जुळत नाही हे पोर्टलने सांगावं. यावर उत्तर असं मिळतं की तसं सांगितलं तर भामटा अंदाज बांधत खात्यात शिरेल. शंका रास्त आहे. पण मग क्रम उलटा करा. आधी आधारच्या मोबाइलवर ओटीपी पाठवा. तो बरोबर टाकणारा माणूस खातेदारच असल्याची बरीच खात्री झाली, की त्याला सांगा, 'नाव जुळत नाही, जन्मतारीख जुळते.' तेवढं कळलं असतं तर आमचे दोन महिने वाचले असते.

याला नमुनाही सरकारकडेच आहे. पॅन आणि आधार जोडताना नावात किरकोळ फरक असला, जन्मतारीख आणि लिंग मात्र तंतोतंत जुळत असलं, तर ओटीपी पाठवून जोडणी पुरी करायची सोय आयकर विभागाने 2017 मध्येच केली. नाव पूर्णच वेगळं असलं तरच अर्ज अडतो. v आणि w चा फरक किरकोळ मानायला पीएफच्या पोर्टललाही अडचण नसावी.

लोट्याचे, खेर्डीचे, मिरजोळ्याचे बंद कारखान्यांतले कितीतरी जण आज गावी आहेत. त्यातल्या कुणाचा ओटीपी येत नसेल तर त्याने जुनी पीएफ स्लिप शोधावी आणि आधारशेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने वाचावं. सरपंचांच्या सहीचा नियम आपण ठळक छापलात तर ग्रामपंचायतींनाही तो कळेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी