बाबांच्या अंगठ्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मंगळवारी फोनवर मी ओरडले, ते मनाला लावून घेऊ नका. पायाच्या अंगठ्याला उंदीर चावलेला, चादरीवर रक्ताचा डाग आणि बाबा म्हणतात, "मला काही कळलंच नाही." त्या एका वाक्याने माझे हातपाय गार पडले.

बाबा, तुम्हाला कळलं नाही यात तुमची चूक नाही. इतक्या वर्षांच्या साखरेने पाय बधिर झालेत. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर उपचार करायचे, तिथे रात्रीतून रुग्णांच्या बोटांचे तुकडे नाहीसे व्हायचे. पाळत ठेवली तेव्हा कळलं, बधिर बोटं उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्या माणसाला पत्ता लागत नव्हता. मग रुग्णांना मांजरं दिली. आपल्याकडे मनी गेल्यापासून माळ्यावर खुडबुड वाढलीय, हे आईनेच सांगितलं होतं. मीच कानाआड केलं.

आई, तू हळद दाबलीस ती मायेनेच. पण हळदीखाली जखम दिसत नाही आणि घाण आत राहते. मी तुला नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायला लावलं, तेव्हा तू म्हणालीस, "दोन बारीक टोचे तर आहेत." उंदराचे पुढचे दात बारीक पण लांब. वरून टोचा दिसतो, जंतू खोल जातात. म्हणून वाहतं पाणी आणि वेळ, दोन्ही लागतात. तू पुरी पंधरा मिनिटं धुतलंस, ते फार चांगलं केलंस.

आता रागावण्याची गोष्ट. बाबा, तुम्ही दवाखान्यात "धनुर्वाताचं झालंय" म्हणून सांगून आलात. ते इंजेक्शन कौलं बदलली तेव्हाचं, म्हणजे 2017 चं. उंदराच्या चाव्यासारख्या घाणेरड्या जखमेत, आधीचे तीन डोस नक्की झालेले असले तरी, शेवटच्याला पाच वर्षं उलटली की पुन्हा घ्यावं लागतं. आणि तुमचे ते तीन झालेत कुठे? आईला आम्हा दोघींच्या वेळी गरोदरपणात सुया मिळाल्या. तुम्हाला लहानपणी कोण देणार होतं? ज्याचं नक्की सांगता येत नाही, त्याचे झालेच नाहीत असं आम्ही धरतो. मग टीडीच्या, म्हणजे धनुर्वाताच्याच लसीबरोबर दुसऱ्या जागी धनुर्वाताची तयार प्रतिकारशक्ती देणारं इंजेक्शनही लागतं, कारण लसीचा परिणाम व्हायला दिवस जातात. दोन दिवस गेले म्हणून वेळ टळली असं नाही. दादाला सांगितलंय, उद्या नऊला तो गाडी घेऊन येईल. डॉक्टरांना "आधीचं काही आठवत नाही" एवढंच सांगा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती असेल तर ती पद्धत कधीच बंद झाली. शिवाय घरातल्या उंदरासाठी रेबीजची लस क्वचितच लागते. ते डॉक्टर ठरवतील.

आणि मी तिकिटं काढलीत. शुक्रवारी येते, रविवारी तुम्हाला दोघांना पुण्याला घेऊन जाते, महिनाभर. न विचारता ठरवलं, पण ऐका तरी. उंदराच्या चाव्याचा ताप लगेच येत नाही. कधी तीन दिवसांत, कधी तीन आठवड्यांनी, जखम वरून भरलेली असताना थंडी वाजून येतो. सांधे दुखतात, तळहात-तळपायांवर पुरळ येतं, नाहीतर भरलेली जखमच पुन्हा सुजते. गावात तो साधा ताप म्हणून अंगावर काढाल आणि चाव्याचं डॉक्टरांना सांगायचंही राहील. त्यात टीडीचा दुसरा डोस चार आठवड्यांनी. तो माझ्या डोळ्यांसमोर झाला की मी निवांत. तिसरा सहा महिन्यांनी, तेव्हा तुम्ही आपल्या घरीच असाल.

बाबा, तुमचा रेडिओ घ्या. गॅलरीत सकाळी ऊन येतं, तिथे खुर्ची ठेवलीय. आई, तुझ्या देवांसाठी कोनाडा रिकामा केलाय. गायीचं काकूशी बोलले. तेवढ्यात गवंडी माळ्याची भोकं जाळी आणि सिमेंटने बुजवेल, कणगीला पत्र्याचं झाकण बसेल. दिवाळीला ताईची छकुली येणार. दुधाचा वास असलेल्या तोंडाला, बोटांना उंदीर आधी लागतो, आणि तिला तर सांगताही येणार नाही.

तोवर मच्छरदाणी गादीखाली खोचूनच झोपा. आठवतं ना बाबा, मला गोवर आला होता तेव्हा तुम्ही चारी बाजू खोचून, पुन्हा हात फिरवून बघायचात? तसंच आई आता तुमची बघेल. लाडवाचा डबा उशाशी नको. आई, लाली जिथवर आहे तिथे बॉलपेनने रेघ मार. रेघेपलीकडे गेली, पू आला किंवा पाय गरम लागला, तर शुक्रवारची वाट न बघता दवाखान्यात जा. जबडा आखडल्यासारखा वाटला तर रात्र असली तरी मोठ्या इस्पितळात. आणि बाबा, गोळ्या पाचही दिवस घ्यायच्या, बरं वाटलं तरी.

येताना पायमोजे आणतेय, सुती, सैल, तुम्हाला आवडतात तसे राखाडी.

तुमची,
बाळी