वस्ताद, मॅट तुम्ही पुसलीत

वस्ताद, सर, पोरींनो आणि मिरजेपर्यंत टेम्पोतून येऊन ओरडणाऱ्या आमच्या गाववाल्यांनो,

वर्षाखेरीला कर्णधाराने चार शब्द बोलायचे असतात, पण मला आधी वस्तादांशीच बोलायचंय.

आमचा कबड्डीचा सराव मातीवर आणि स्पर्धा मॅटवर. मातीत पाय सरकतो, मॅटवर तो चिकटून बसतो. वळताना गुडघा पिळवटतो, अंग टाकायची भीती वाटते. मॅट देतो म्हणून हार घालून घेणारे परत फिरकले नाहीत. वस्ताद, तुम्ही कसलाच शब्द दिला नव्हता. तालमीत मुली कशाला, असं लोक म्हणत असताना दुपारची कुस्तीची मॅट आम्हाला मोकळी करून दिलीत. ती जाड आणि मऊ, पाय रुततो, त्यामुळे चढाईचा वेग तिथे साधत नाही. पण पडायची भीती तिथेच गेली. आणि आम्ही यायच्या आधी तुम्ही स्वतः ओल्या फडक्याने ती पुसून ठेवायचात. तुमचे पठ्ठे समोर असताना, त्यांना न सांगता. ते बघितल्यावर तालमीत आम्हाला कुणी वावगा शब्द बोललं नाही.

सर, तुम्ही तिथेच आमची पकड दुरुस्त केलीत. सुरुवातीच्या सामन्यांत डावा कोपरा जीव खाऊन घोटा धरायचा आणि बाकीच्या बघत राहायच्या. चढाईवाली फरफटत मध्यरेषेला हात लावायची आणि गुण त्यांचा. घोटा फक्त तिला थांबवतो, तोवर शेजारचीने कमरेत शिरून तिचं तोंड रेषेकडून फिरवायचं, हे तुम्ही आमच्याकडून घोटून घेतलंत.

उपांत्य सामन्यात आम्ही तिघीच उरलो होतो, लोण चढायच्या बेतात. सहापेक्षा कमी खेळाडू असले की बोनस नसतो, म्हणजे समोरच्या चढाईवालीला गुणासाठी आमच्यापर्यंत यावंच लागणार. सर बाहेरून एवढंच ओरडत होते, "थांब, थांब!" आमचा डावा कोपरा थांबला. तिने पाय टाकला, घोटा सापडला, मी कमरेत शिरले. अव्वल पकड, दोन गुण, आणि आमची एक गडी आत. पोरींनो, त्या पकडीनंतर तुम्ही माझ्याकडे जसं बघितलंत तसं वर्षभरात कधी बघितलं नव्हतं. सामना एका गुणाने गेला. तरी मागच्या वर्षी ज्यांच्याकडून लोणावर लोण खाल्ले, त्यांना आम्ही शेवटच्या चढाईपर्यंत घाम फोडला.

बाकावर बसूनही प्रत्येक चढाईला ही तिसरी आहे का ते मोजून सांगणाऱ्या दोघींचे, भाकरी बांधून देणाऱ्या आयांचे आभार. चांगली माणसं आहेत हो आपल्याकडे, गाजावाजा न करता काम करणारी.

वस्ताद, परीक्षा झाल्या की आम्ही परत येतोय. या वेळी फडकं आमच्या हातात द्या.

तुमची,
कर्णधार