स्लॅबच्या हप्त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले की कॉन्ट्रॅक्टरने स्लॅबचा सगळा हप्ता आणि वर वीटकामाचा थोडा अ‍ॅडव्हान्स मागितलाय, लगेच ट्रान्सफर करा म्हणतोय, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. बाबा प्लीज अजून पाठवू नका, आधी हे वाचा.

माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. पण करारात काय ठरलंय बघा, सुरुवातीला १० टक्के, जोतं झाल्यावर १५, स्लॅबला २५, वीटकाम १५, प्लास्टर १५, फरशी आणि फिटिंग १०, रंग-सफाई ५ आणि शेवटचे ५ टक्के ताबा घेतल्यावर सहा महिन्यांनी. आत्तापर्यंत आपण २५ टक्के दिलेत आणि जोतं उभं आहे, म्हणजे हिशोब बरोबर. आता त्याला २५ आणि वर वीटकामाचे १० दिले तर आपले ६० टक्के गेले आणि साइटवर काय, तर जोतं, कॉलम, सेंट्रिंग आणि बांधलेली सळई, स्लॅबच्या काँक्रीटचा अजून पत्ता नाही. उद्या त्याला दुसरीकडे मोठं काम मिळालं की आपल्याकडचे मजूर तिकडे जातात, कारण आपल्याकडून घ्यायचं त्याने आधीच घेतलेलं असतं. माझ्या घराच्या वेळी हेच झालं, प्लास्टरचे पैसे मी आधी दिले आणि मग दोन महिने फोन उचलला नाही तिथल्या कॉन्ट्रॅक्टरने. शेवटी उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेतलं आणि पैसे दोनदा गेले.

म्हणून माझं म्हणणं आहे की स्लॅबचा हप्ता तीन तुकड्यांत द्या. सळई बांधून झाली, इंजिनियरने ड्रॉइंगप्रमाणे तपासली की १०. स्लॅब ओतला की त्याच दिवशी १०. आणि सेंट्रिंग काढून खालून बघितलं की उरलेले ५. त्याला सळईसाठी पैशाची अडचण असेल (ती खरी असू शकते, हे लोक उधारीवरच चालतात) तर सळईवाल्याचं बिल मागा, आपण थेट त्या दुकानाच्या खात्यात भरू आणि तेवढे हप्त्यातून वजा, पण हे आधी त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या.

बाबा, सळई तपासणार तेव्हा तुम्ही पण वर चढा, जिना नीट असेल तरच हं. सळईच्या खाली सिमेंटचे छोटे ठोकळे असतात, कव्हर ब्लॉक, ते बघा. ते नसले तर सळई फळीला टेकते, काँक्रीट तिच्याखाली जातच नाही आणि पुढे गंज चढून छताचे पोपडे पडतात. एकदा काँक्रीट पडलं की हे कुणालाच दिसत नाही, म्हणून पहिला तुकडा तपासणीनंतरच. टेप लावून दोन सळयांमधलं अंतर दिसेल असा फोटो पण काढा.

सेंट्रिंग कधी काढायचं ते इंजिनियर सांगेल, कॉन्ट्रॅक्टरला फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात म्हणून तो घाई करेल. काँक्रीटची ताकद मोजतात ती २८ दिवसांची, तोवर ते पूर्ण ताकदीचं धरत नाहीत. निदान पहिले सात दिवस तरी स्लॅबवर रोज पाणी साठवून ठेवायला हवं. सेंट्रिंग काढल्यावर खालून मधाच्या पोळ्यासारखी भोकं किंवा उघडी सळई दिसली तर ते ५ टक्के दुरुस्ती होईपर्यंत थांबवा, त्यासाठीच ते ठेवलेत.

आई, हिशोबाचं तू बघ, तुझ्या वहीइतकं नीट कोणाचंच नसतं. दर ट्रान्सफरला एक ओळ, तारीख, कुठलं काम, रक्कम, बँकेचा रेफरन्स नंबर, आणि कॉन्ट्रॅक्टरची सही. ट्रान्सफर करताना रिमार्कमध्ये "स्लॅब, तुकडा १" असं लिही, नुसतं "पेमेंट" नको, नंतर तो म्हणतो ते जादा कामाचे होते. बँकेचा मेसेज आणि फोटो मला पण पाठवत जा, मी फोल्डर केलाय.

अजून एक, पैसे करारात लिहिलेल्या खात्यातच. मेव्हण्याच्या खात्यात टाका, नवीन नंबर घ्या असं मेसेजवर आलं तर त्याच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, आणि तरी लेखी घेतल्याशिवाय नाही. आणि रोख कितीही मागितली, मजुरांचा शनिवार आहे म्हणाला तरी नाही. तेही ट्रान्सफरनेच, आणि हप्त्यातून वजा.

तुम्हाला त्याच्याशी बोलायला अवघड वाटत असेल तर माझं नाव सांगा, मुलगी ऐकत नाही म्हणा, मला चालेल. इंजिनियर सळई बघायला कधी येतोय ते कळवा, मी त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर असेन.

तुमची,
ताई

(बाबा, जिन्याचं खरंच सांगतेय, कठडा नसेल तर खालीच थांबा, वरचा फोटो इंजिनियर काढेल.)